कोणत्या ग्लासातला खडा चांगला?

तुरटीच्या स्फटिकांचा प्रयोग शाळेत करायला सोपा. किराणा दुकानातून तुरटी आणायची, कुटायची, पाण्यात विरघळवायची आणि वाट पाहायची. त्याला तापमानाची जोड दिली की प्रयोग ‘तुलनात्मक’ होतो: एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात गरम. प्रत्येकात विरघळेल तेवढी तुरटी घालायची, दोन दिवसांनी मोबाइलवर फोटो काढायचे, चार्टपेपरवर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि खाली लिहायचं, ‘गरम पाण्यात स्फटिक उत्तम वाढतात.’ फोटोही तेच सांगत असतात. गरम पाण्याच्या ग्लासाचा तळ खड्यांनी भरलेला, साध्या पाण्याच्या ग्लासात जवळजवळ काहीच नाही.

तरीही हा निष्कर्ष अर्धवट आहे. नांदेड किंवा लातूरच्या वर्गात तो उन्हाळ्यात एक निघेल, हिवाळ्यात दुसरा. याचं कारण कळलं की फोटोंकडे बघण्याची रीतच बदलते.

सुरुवात आकड्यांपासून करू. आकडे थोडेच आहेत, पण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. १०० मिली पाण्यात पोटॅश तुरटी किती विरघळते? २० अंश सेल्सिअसला साधारण ११ ग्रॅम, ३० अंशांना १७, ४० अंशांना २४, ५० अंशांना ३६ आणि ६० अंशांना ५७ ग्रॅमच्या आसपास. वर जाताना हे प्रमाण नुसतं वाढत नाही, वाढीचा वेगही वाढत जातो. मिठाचं असं होत नाही. मीठ गार पाण्यात जेवढं विरघळतं, जवळपास तेवढंच उकळत्या पाण्यातही विरघळतं. म्हणून गरम पाणी गार करून मिठाचे खडे मिळवायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. त्यासाठी पाणी वाफेनं उडून जायची वाट पाहावी लागते. तापमानाच्या प्रयोगासाठी तुरटी निवडतात ती याचसाठी. मोरचुदाचे निळे खडे फोटोत जास्त खुलून दिसतात, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या हातात तुरटीच द्यावी.

आता ६० अंशांच्या पाण्यात ५७ ग्रॅम तुरटी विरघळवली आणि ग्लास वर्गात ठेवला. डिसेंबर आहे, खोलीचं तापमान २० अंश. द्रावण गार झाल्यावर त्यात ११ ग्रॅम तुरटीच राहू शकते. उरलेल्या ४६ ग्रॅमना बाहेर पडावंच लागतं. तोच ग्लास मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ठेवला तर बाहेर पडणारी तुरटी ३३ ग्रॅम. आणि ३० अंशांना बनवलेल्या ग्लासाचं काय? डिसेंबरात त्यातून ६ ग्रॅम बाहेर येईल. मे महिन्यात खोलीच पाण्यापेक्षा गरम आहे, तेव्हा द्रावणात अजून तुरटी मावायला जागा होते. अशा ग्लासात बीज म्हणून छोटा खडा सोडला तर वाढायचं सोडून तो विरघळून जातो. मुलांच्या वहीत ‘प्रयोग फसला’ अशी नोंद होते. खरं तर प्रयोग बरोबर चालला होता, फक्त खोलीचं तापमान कुणी लिहिलं नव्हतं.

म्हणजे पाण्याचं सुरुवातीचं तापमान एकटं काही ठरवत नाही. ते आणि शेवटचं तापमान यांच्यातला फरक ठरवतो की किती तुरटी ‘जास्तीची’ झाली. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत याला अतिसंपृक्तता म्हणतात. खडे किती पडतील, केवढे होतील, स्वच्छ असतील की दुधाळ, हे सगळं या जास्तीच्या तुरटीवर आणि ती किती वेगानं जास्तीची होत जाते यावर अवलंबून असतं.

शेवटचं तापमान गावागणिकही बदलतं, हे मराठवाड्यात विशेष लक्षात घ्यावं लागतं. लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. नांदेड गोदावरीच्या काठी, त्याहून बरंच खाली. एकाच आठवड्यात दोन्हीकडच्या शाळांनी अगदी एकाच कृतीनं प्रयोग केला तरी वर्गांची तापमानं सारखी असतील असं धरून चालता येत नाही. दोन शाळांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवायचे असतील तर प्रत्येक फोटोबरोबर खोलीचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान हवंच. ते नसेल तर अशी तुलना मी ग्राह्य धरणार नाही.

जास्तीची तुरटी थोडी असेल तर द्रावण बराच वेळ ती तशीच धरून ठेवतं. आपणहून नवे खडे पडत नाहीत, पण आधीच एखादा खडा टांगलेला असेल तर जास्तीची तुरटी सावकाश त्याच्यावर बसत जाते. जास्तीची तुरटी फार झाली की द्रावणाला ती धरवत नाही आणि जागोजागी एकदम नवे खडे धरतात. मग सगळ्यांमध्ये माल वाटला जातो, एकही मोठा होत नाही. शिवाय घाईनं वाढणारा खडा आपल्या पोटात द्रावणाचे बारीक थेंब कोंडून घेतो, म्हणून तो पांढुरका दिसतो.

हे नीट समजलेली माणसं लातूर आणि नांदेडमध्ये पुष्कळ आहेत. ती साखर कारखान्यांत काम करतात. लातूरचा मांजरा असो की नांदेड जिल्ह्यातला भाऊराव चव्हाण, गाळप हंगामात पॅनवर उभा असलेला पॅनमन रात्रंदिवस हेच करत असतो. निर्वात पॅनमध्ये रस आटवत आटवत तो अशा टप्प्यावर ठेवायचा की आधी सोडलेलं बारीक बी वाढत राहील, पण नवे कण धरणार नाहीत. मधून मधून पॅनमधला नमुना काढून काचेवर पसरायचा आणि उजेडात दाणा बघायचा. मोठ्या दाण्यांमध्ये बारीक नवे कण दिसले की समजायचं, जास्तीची साखर हाताबाहेर गेली. याला फॉल्स ग्रेन म्हणतात. अशा वेळी पाणी किंवा पातळ रस सोडून ते कण पुन्हा विरघळवावे लागतात. तयार साखरेची प्रत ठरवतानाही दाणा पाहिला जातो. एल, एम आणि एस या प्रती दाण्याच्या आकाराच्या आहेत, त्यांच्यापुढचा ३० किंवा ३१ हा आकडा रंगाचा. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था दर हंगामात प्रमाण नमुने देते आणि साखर त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. नुसतं ‘छान दिसते’ म्हणून प्रत ठरत नाही, समोर ठरलेला नमुना लागतो. शाळेतल्या फोटोंनाही असाच काही ठरलेला नमुना हवा.

तो ठरवण्याआधी प्रयोगाची मांडणी दुरुस्त करावी लागेल. नेहमीच्या पद्धतीत पाणी जितकं गरम, तितकी तुरटी जास्त, आणि ग्लास गार होतानाची घसरणही तितकी मोठी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग फरक कशामुळे पडला ते कोणत्याही फोटोतून कळणार नाही. त्यावर उपाय असा, की तुरटीचं वजन आणि पाण्याचं तापमान वेगवेगळं बदलायचं.

हिवाळ्यातला, २२ अंशांच्या आसपासचा वर्ग धरू. या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण १२ ग्रॅम तुरटी राहते. चार ग्लास घ्यायचे. चौघांत ६० अंशांचं पाणी, प्रत्येकी १०० मिली. तुरटी मात्र १७, २४, ३६ आणि ५७ ग्रॅम, वजनकाट्यावर तोललेली. गरम पाणी ओतायचं काम शिक्षकांनी करावं. पाण्याचं तापमान चौघांत सारखंच, फक्त जास्तीची तुरटी वेगळी: अनुक्रमे ५, १२, २४ आणि ४५ ग्रॅम. याशिवाय पाचवा ग्लास, ज्यात २४ ग्रॅमच तुरटी, पण पाणी ६० ऐवजी ४५ अंशांचं. २४ ग्रॅम तुरटी ४५ अंशांच्या पाण्यातही पूर्ण विरघळते, म्हणून पाचव्या ग्लासाची दुसऱ्याशी थेट तुलना होते. सुरुवातीचं तापमान खरोखर महत्त्वाचं असेल तर या दोघांचे फोटो वेगळे दिसले पाहिजेत. ते सारखे दिसले आणि पहिले चार वेगळे दिसले, तर फरक तुरटीच्या वजनानं पडला.

पाचव्या ग्लासात एक काळजी घ्यावी लागते. कोमट पाण्यात तुरटीचे बारीक कण न विरघळता राहण्याची शक्यता जास्त. डोळ्यांना न दिसणारा असा प्रत्येक कण पुढे एका खड्याचं बीज होतो. म्हणून कुटलेली तुरटी पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि पाचही द्रावणं गाळणकागदातून गाळून घ्यायची. पाणीही बोअरचं वापरू नये. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे तुरटी टाकल्यावर पांढरे पुंजके धरतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा हेच पुंजके मातीला खाली घेऊन बसतात. तिथे ते आपल्या फायद्याचे, इथे नको असलेली बीजं. जारचं शुद्ध केलेलं पाणी पुरतं.

आता वाट पाहायची. ग्लासांवर कागद झाकायचा, कारण कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि काठावर तुरटीची पांढरी रेघ धरते. ती रेघ तुटून आत पडली की तिचेही खडे होतात. फोटोत काठावर अशी रेघ दिसली तर त्या ग्लासाचा निकाल बाजूला ठेवावा. ग्लास एकाच टेबलावर, भिंतीपासून आणि उन्हाच्या पट्ट्यापासून लांब.

दुसऱ्या दिवशी काय दिसेल? ५७ ग्रॅमच्या ग्लासात तळाशी एकमेकांत रुतलेल्या खड्यांचा जाड थर, बराचसा पांढुरका. ३६ ग्रॅमच्या ग्लासातही गर्दी. २४ ग्रॅमच्या दोन ग्लासांत मोजता येतील इतके सुटे खडे. १७ ग्रॅमच्या ग्लासात बहुधा काहीच नाही. वर्गाचं मत लगेच ५७ च्या बाजूनं पडतं आणि १७ चा ग्लास हरलेला ठरतो. पण त्याच ग्लासात तीन-चार मिलिमीटरचा स्वच्छ बीजस्फटिक बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं टांगला तर ती ५ ग्रॅम जास्तीची तुरटी सावकाश त्या एकट्यावर बसू लागते. आठवड्यानंतर सगळ्यात पारदर्शक खडा या रिकाम्या ठरवलेल्या ग्लासातून निघण्याची शक्यता सर्वात जास्त. टांगताना द्रावण खोलीइतकं गार झालेलं हवं, नाहीतर बीजच विरघळतं.

म्हणून फोटो काढण्याआधी ‘चांगला’ म्हणजे काय हे लिहून ठेवावं लागतं. एकूण किती तुरटी बाहेर पडली, हा एक निकष. सगळ्यात मोठा एकच खडा, हा दुसरा. कडा धारदार आणि आरपार दिसणारा खडा, हा तिसरा. तिन्ही निकषांवर एकच ग्लास जिंकणार नाही. पहिला निकष तर फोटोवरून ठरवूच नये. खडे गाळून, टिपून, वजनकाट्यावर ठेवले की उत्तर मिळतं. फोटोचं खरं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या निकषाचं आहे.

ते काम फोटोनं नीट करावं यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात. सर्वात मोठी चूक म्हणजे खडा द्रावणात असतानाच ग्लासाबाहेरून फोटो काढणं. गोल ग्लासातलं पाणी भिंगासारखं वागतं. ग्लासाच्या मधोमध टांगलेला खडा रुंदीला सुमारे एक तृतीयांशानं मोठा दिसतो, उंची मात्र तेवढीच राहते. ग्लासाच्या मागच्या बाजूला सरकला तर अजून फुगतो. अशा फोटोंवरून दोन खड्यांची तुलना करणं म्हणजे दोन वेगवेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजणं. खडा चिमट्यानं बाहेर काढायचा, टिपकागदावर हलकेच टिपायचा आणि आलेखकागदावर ठेवायचा. पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की कडा विरघळून गोल होतात आणि ज्या कडांवरून निर्णय घ्यायचा त्याच जातात.

आलेखकागदामुळे मोजमापाला मिलिमीटरचे चौकोन मिळतात. पारदर्शकता पाहण्यासाठी दुसरा फोटो काळ्या कागदावर, उजेड एका बाजूनं पडेल असा. पांढऱ्या कागदावर स्वच्छ खडा आणि दुधाळ खडा यांत फारसा फरक दिसत नाही, काळ्यावर दुधाळपणा लगेच उठून येतो. तिसरा फोटो बाजूनं. तळाशी वाढलेला खडा खालच्या अंगानं वाढू शकत नाही, म्हणून तो चपटा होतो. वरून पाहिला तर भरघोस आणि षट्कोनी दिसतो, बाजूनं पाहिला तर नुसती वडी. वरून काढलेल्या एकाच फोटोवर भिस्त ठेवली तर अशी वडी पहिला नंबर घेऊन जाते.

मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून सगळे फोटो एकाच अंतरावरून, एकाच वेळी, एकाच प्रकाशात काढावेत. फोकस आणि उजेडाची पातळी कुलूपबंद करावी, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटो आपल्या मनानं उजळवतो आणि दुधाळ खडा उजळ दिसू लागतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतला बारीक तपशील पुसला जातो, आणि इथे तर बारीक कडाच वाचायच्या असतात. चौकटीत एक चिठ्ठी ठेवावी, पण तिच्यावर तापमान किंवा वजन लिहू नये. नुसतं अक्षर लिहावं, क, ख, ग असं, आणि कोणतं अक्षर कोणत्या ग्लासाचं हे एका वहीत. निवाडा करणाऱ्या मुलांना ती वही दाखवायची नाही. गरम पाण्याचे खडे चांगले असतात हे आधीच मनात असेल तर डोळा तेच शोधतो.

फोटोवरून घेतलेलं माप खरं आहे का, हे तपासायला एक सुंदर उपाय आहे. तुरटीचा बिनदोष स्फटिक अष्टफलक असतो, म्हणजे दोन चौरस पिरॅमिड तळाशी तळ जोडल्यासारखे. त्याची कड १० मिलिमीटर असेल तर वजन जवळपास ०.८ ग्रॅम भरायला हवं. कड २० मिलिमीटर झाली की वजन दुप्पट नव्हे, आठपट होतं, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या थोडं वर. फोटोवरून कड मोजा, वजनाचा अंदाज करा, मग खडा काट्यावर ठेवा. काट्यावर बरंच कमी भरलं तर खडा चपटा आहे, अर्धवट आहे किंवा आत पोकळ्या आहेत. बरंच जास्त भरलं तर एकाऐवजी दोन-तीन खडे जुळून वाढलेत आणि फोटोत ते एकच वाटले. आठपटीचा हा हिशोब मुलांना एकदा उमगला की फोटोतला ‘थोडासा मोठा’ खडा किती जास्त तुरटी खाऊन बसलाय हे त्यांना आपसूक दिसू लागतं.

रोजच्या रोज फोटो काढले तर मराठवाड्यातल्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसते, ती मला सगळ्यात आवडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठं अंतर असतं. रात्री द्रावण गार होतं, खडा वाढतो. दुपारी खोली तापते आणि त्याचा वरचा थर थोडा विरघळतो. सकाळच्या फोटोत कोपरे टोकदार, दुपारच्या फोटोत तेच कोपरे किंचित बोथट. असं काही दिवस चाललं की रोज बसलेल्या थराखाली एक अंधूक पडदा तयार होतो. काळ्या कागदावरच्या फोटोत तो खड्याच्या आत दिसतो. ग्लास थर्मोकोलच्या डब्यात ठेवला तर हा चढउतार कमी होतो, आणि डब्यातल्या व डब्याबाहेरच्या खड्यांचे फोटो शेजारी ठेवले की आतल्या पडद्यांचं कारण हाती लागतं.

असल्या फोटोंवरून एक नकाशा जपानमध्ये तयार झाला होता. होक्काइदोमधले भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी हिमकणांचे हजारो फोटो काढले, आणि १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. नंतर ते एकेका परिस्थितीत कण वाढवून त्यांचे फोटो क्रमानं लावत गेले. नुसत्या तापमानाच्या रांगेत फोटो नीट बसेनात. त्यांनी आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर हवेतली जास्तीची वाफ घेतली, तेव्हा कुठे पातळ पत्रे, सुया, फांद्या फुटलेले तारे असे प्रत्येक आकाराचे प्रदेश दिसू लागले. तुरटीचे ग्लास आणि होक्काइदोचं बर्फ यांत अंतर फार, पण दोन्हीकडे उत्तर एकट्या तापमानात नव्हतं.

शेवटी निकाल कसा द्यायचा? प्रत्येक स्थितीचे निदान तीन ग्लास हवेत. पाच स्थिती, तीन-तीन ग्लास, म्हणजे प्रत्येक प्रकारचे पंधरा फोटो. ते चार्टवर पाच आडव्या ओळींत लावायचे, एका ओळीत एकाच स्थितीचे तीन. आता आधी ओळीच्या आत बघायचं. एकाच स्थितीतल्या तीन खड्यांत जेवढा फरक दिसतो, त्यापेक्षा दोन ओळींमधला फरक ठळक असेल तरच त्या दोन स्थितींत काही वेगळं घडलं असं म्हणता येतं. १७ ग्रॅमच्या ओळीत तीनपैकी एक खडा मोठा आणि दोन खुजे निघाले, तर त्या मोठ्या खड्याचा फोटो प्रदर्शनात लावायला छान, पण त्याच्या जोरावर १७ ग्रॅम सर्वोत्तम असं लिहिता येणार नाही. बहुतेक वेळा टांगलेल्या बीजांमध्येच फरक असतो: एक बीज अखंड, एक मोडलेलं. पुढच्या खेपेला बीजांचेही फोटो सुरुवातीलाच काढून ठेवावेत.

आणि सगळे फोटो खडे बाहेर काढल्यावर लगेच, त्याच दिवशी काढावेत. तुरटीच्या प्रत्येक खड्यात त्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी बांधलेलं असतं. आपल्याकडच्या कोरड्या, तापलेल्या हवेत ते पृष्ठभागावरून हळूहळू निघून जातं आणि काचेसारखा खडा पांढऱ्या भुकटीनं माखल्यासारखा होतो. उशिरा काढलेल्या फोटोत मग सगळ्याच ओळी दुधाळ दिसतात आणि कोणता खडा द्रावणातच दुधाळ झाला होता आणि कोणता कपाटात झाला, हे सांगायची सोय उरत नाही. ठेवायचेच असतील तर झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या बाटलीत ठेवावेत, एका बाटलीत एक, आणि बाटलीवर तेच अक्षर.